फोटोतल्या वंशावळीवरून यादी करताना: आधी माणसं, मग रेघा

हातानं काढलेल्या जुन्या वंशावळीचा फोटो हाती येतो आणि आपण वरचं पहिलं नाव टाइप करायला बसतो. चाळीसेक नावांपर्यंत गाडी सुरळीत चालते. मग एक मूल दोन बायकांच्या नावांच्या मधोमध लोंबकळताना दिसतं, रेघ कुठून आली ते कळत नाही, आणि आपण अंदाजानं त्याला एका आईच्या पदरात टाकून पुढे जातो. सहा महिन्यांनी तो अंदाज होता हे आपल्यालाही आठवत नाही. यादीत तो इतर नोंदींइतकाच ठाम दिसतो.

ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. मीही केली आहे. माझी पहिली यादी मी थेट वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरली होती. प्रत्येक मुलासाठी तिथे पालकांची जोडी निवडावी लागे, म्हणून मी निवडत गेलो. पुढे तपासायला बसलो तेव्हा कोणती निवड कागदावरून केली आणि कोणती मनानं, हे सांगता येईना. सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

त्यातून एक गोष्ट पक्की कळली. शंका बहुतेक वेळा माणसाबद्दल नसते, रेघेबद्दल असते. केशव होता यात वाद नसतो, वाद असतो तो केशव कुणाचा यात. म्हणून माणसांचा तक्ता वेगळा ठेवायचा आणि नात्यांचा वेगळा. नातेवाइकांना दाखवायची यादी या दोन तक्त्यांवरून शेवटी तयार करायची. खालचे टप्पे त्याच क्रमानं आहेत.

## टप्पा १: फोटो कामाला येईल असा आहे का?

मूळ कागद हाताशी असेल तर फोटो पुन्हा काढा. एक फोटो अख्ख्या कागदाचा, म्हणजे कुठलं नाव कुठे आहे याचा नकाशा मिळतो. मग जवळून भागाभागांचे फोटो घ्या, आणि शेजारच्या दोन फोटोंत साधारण एक तृतीयांश भाग दोन्हीकडे येईल असं बघा. तसं केलं नाही तर दोन फोटोंच्या सांध्यावरची रेघ नेमकी कुठून कुठे गेली ते जुळवता येत नाही. मोबाइल कागदाला समांतर धरा आणि फ्लॅश बंद ठेवा.

घड्या पडलेल्या आणि पेन्सिलच्या खुणा असलेल्या भागाचा आणखी एक फोटो तिरप्या उजेडात घ्या. दिवा कागदाच्या बाजूला, जवळजवळ कागदाच्याच पातळीत ठेवायचा. खोडलेल्या पेन्सिलचा दाब, घडीवर उडालेली शाई, वरून चिकटवलेला कागद, हे सगळं या उजेडात उठून दिसतं. कागदाची मागची बाजूही विसरू नका. वंशावळ कुणी आणि कधी लिहिली, हे पुष्कळदा तिथेच असतं.

दुसऱ्या कुणाकडून फोटो येणार असेल तर तो मेसेजिंग ॲपवर साधा फोटो म्हणून न घेता डॉक्युमेंट किंवा फाइल म्हणून मागवा. साध्या फोटोचा आकार पाठवताना कमी होतो आणि बारीक रेघा त्यातच जातात.

सावधान: स्कॅनर ॲपचा काळा-पांढरा मोड वापरू नका. कागद स्वच्छ दिसतो खरा, पण निळी शाई आणि काळी शाई एकसारखी होतात आणि फिकट पेन्सिल नाहीशी होते. नंतर भर घातलेलं नाव ओळखायला तोच फरक लागतो.

मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवा. पुढची सगळी आखणी-रंगवणी तिच्या प्रतीवर.

## टप्पा २: काहीही न लिहिता आधी तक्ता वाचा

या टप्प्याला अर्धा तास पुरतो, आणि बहुतेक जण नेमका हाच टप्पा टाळतात. फोटो मोठा करून बघा आणि स्वतःला काही प्रश्न विचारा. अक्षर एकाच हाताचं आहे की दोघा-तिघांचं? शाया किती? विवाह कसा दाखवलाय, दोन नावांमध्ये `=` आहे की नुसती आडवी रेघ? तुटक रेघ कुठे कुठे आहे? नावाभोवतीचा चौकोन किंवा गोल एखादी गोष्ट सांगतो, की नुसती सजावट आहे?

उत्तरांवरून खुणांची छोटी यादी करा. प्रत्येक खुणेपुढे ती तक्त्यात जिथे जिथे आली ती ठिकाणं लिहा, अर्थ नंतर ठरवा. तुटक रेघ म्हणजे दत्तक, असं डोक्यात धरून कामाला लागू नका. एखाद्यानं ती जागा वाचवायला वळवलेल्या रेघेसाठी वापरलेली असते, तर एखाद्यानं स्वतःलाच खात्री नव्हती म्हणून.

संक्षेपांचंही तेच. 'नि.' म्हणजे निधन की निर्वंश? पुढे साल असेल आणि खाली मुलं असतील तर ते निधनच असणार. साल नाही आणि खाली कुणीच नाही, तर दोन्ही अर्थ शक्य आहेत आणि तसंच लिहून ठेवायचं. सालाआधी 'शके' आहे का तेही बघा. शके सालात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. महिना दिलेला नसेल तर दोन्ही सालं शक्य धरा.

## टप्पा ३: प्रत्येक नावाला क्रमांक, तोही फोटोवरच

आता फोटोच्या प्रतीवर प्रत्येक नावाशेजारी क्रमांक टाका. वरच्या ओळीपासून सुरुवात करा आणि प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे जा. पिढ्यांचा किंवा नात्यांचा विचार या वेळी करायचा नाही. जे नाव जिथे लिहिलंय तिथे एक क्रमांक, बस्स. न वाचता आलेल्या नावालाही क्रमांक, आणि रेघेच्या टोकाला नुसतंच रिकामं वर्तुळ असेल तर त्यालाही.

क्रमांक `व्य001`, `व्य002` असे ठेवा. शून्यं लावली की क्रमवारी बिघडत नाही. हा क्रमांक कायमचा. त्यातून पिढी कळत नाही, नातं कळत नाही, आणि ते न कळणंच कामाचं आहे. पुष्कळ जण सुरुवातीलाच `1`, `1.1`, `1.1.2` असे वंशक्रमांक देतात. एका मुलाचा बाप बदलला की त्याच्या खालच्या सगळ्यांचे वंशक्रमांक बदलतात आणि आधीच्या टिपणांचा पत्ता लागत नाही. वंशक्रमांक शेवटी, यादी तयार करताना.

सावधान: एकच नाव तक्त्यात दोनदा आलं तर क्रमांकही दोन. ती एकच व्यक्ती वाटत असली तरी आत्ता जोडू नका. दोन नोंदी पुढे एक करणं सोपं असतं, पण एक केलेल्या नोंदीतून कुठली माहिती कुणाची होती ते सोडवणं फार कठीण.

पडताळा: फोटोवरची नावं दुसऱ्या दिवशी, उजवीकडून डावीकडे पुन्हा मोजा. शेवटच्या क्रमांकाशी मोजणी जुळली पाहिजे. कोपऱ्यात नंतर लिहिलेली बारीक नावं याच मोजणीत सापडतात.

## टप्पा ४: माणसांचा तक्ता

स्प्रेडशीटमध्ये फार रकाने नकोत. क्रमांक, जसंच्या तसं लिहिलेलं, माझं वाचन, साल, शाई आणि हस्ताक्षर, टीप, इतके पुरेत.

'जसंच्या तसं' या रकान्यात कागदावर आहे तेच. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं नाही, संक्षेप उलगडायचा नाही. न कळणाऱ्या अक्षरांच्या जागी चौकोनी कंस: `[..]शिव`. अंदाज 'माझं वाचन'मध्ये: `सदाशिव?`. हे दोन रकाने एकत्र केले की कागद काय म्हणतो आणि आपण काय म्हणतो यांतली भिंत पडते.

अक्षरावर अडलात तर नुसतं टक लावून बघण्यानं काही होत नाही. त्याच हातानं लिहिलेल्या आणि नक्की वाचता येणाऱ्या नावांत तेच अक्षर शोधा. घ आणि ध, भ आणि म, ख आणि रव यांची गफलत नेहमीची. अंकांत १ आणि ९ यांना जपा. नावातला घोटाळा निदान दिसून येतो, अंकातला दिसतच नाही आणि पुढच्या सगळ्या हिशेबात मुरतो.

सालासाठी दोन जागा ठेवा. मूळ लिखाणात कागदावरचे देवनागरी अंक राहू द्या, पण 'साल' रकान्यात इंग्रजी अंक भरा. बऱ्याच स्प्रेडशीट देवनागरी अंकांना नुसता मजकूर समजतात, त्यामुळे वयाची वजाबाकी होत नाही.

## टप्पा ५: रेघांचा तक्ता

खरं काम हे. इथे प्रत्येक ओळ म्हणजे एक नातं. मुलाचं बापाशी नातं ही एक ओळ, आईशी नातं ही दुसरी. दोन्ही एकाच ओळीत कोंबू नका, कारण बाप नक्की आणि आई अनिश्चित हा प्रकार या कामात सर्वांत जास्त भेटतो.

रेघ नेहमी मुलाकडून वर चढत वाचा. वरून खाली उतरताना आपल्याला गोष्ट ठाऊक असल्यासारखं वाटतं आणि डोळा अपेक्षित ठिकाणी उडी मारतो. खालून चढताना प्रत्येक वळणावर थांबावं लागतं. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे त्या जुळतात की नुसत्या ओलांडतात हे बघा. जुळतात तिथे लिहिणाऱ्याचा हात बहुधा थबकतो आणि शाईचा ठिपका पडतो. ओलांडतात तिथे रेघ त्याच वेगानं पुढे गेलेली असते.

दर्जे चारच ठेवा: स्पष्ट, बहुधा, शंकास्पद, अज्ञात. टक्केवारीच्या नादी लागू नका, सत्तर आणि ऐंशी टक्क्यांतला फरक उद्या तुम्हालाच सांगता येणार नाही. दर्जापेक्षा कारणाचा रकाना महत्त्वाचा, आणि शंका तीन जातींची असते.

पहिली: रेघ दिसतच नाही. घडी, डाग, फाटका कोपरा, फोटोत कापला गेलेला भाग. अशी शंका चांगल्या फोटोनं मिटू शकते.

दुसरी: रेघ स्वच्छ दिसते, पण तिचा अर्थ कळत नाही. तुटक रेघ, शेजारी एकच अक्षर, दोन बायकांच्या मधून निघालेली रेघ. इथे फोटो कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. लिहिणाऱ्याची पद्धत कळायला हवी.

तिसरी: रेघही स्पष्ट आणि अर्थही स्पष्ट, पण गोष्ट पटत नाही. आईच्या मृत्यूनंतर जन्मलेलं मूल, बापापेक्षा नऊ वर्षांनी लहान मुलगा. इथे कागदच चुकलेला असू शकतो, आणि त्याचा उलगडा दुसऱ्या कागदांतून होतो.

कारणात ही जात लिहून ठेवली की पुढे काय करायचं ते आपोआप ठरतं. नुसतं प्रश्नचिन्ह ठेवलं तर वर्षभरानं तुम्ही पुन्हा त्याच फोटोकडे तासभर बघत बसता.

## टप्पा ६: एक गुंता सोडवून बघू

पुढचा तक्ता नमुन्यादाखल रचलेला आहे, पण यातल्या अडचणी नेहमी भेटणाऱ्या आहेत.

सर्वांत वर गोविंद (`व्य001`). त्याची तीन अपत्यं: रामचंद्र (`व्य002`), यमुना (`व्य003`), केशव (`व्य004`). केशवापुढे `=` करून दोन बायका: सावित्री (`व्य005`, मृ. १८९१) आणि पार्वती (`व्य006`). तिसऱ्या ओळीत रामचंद्राखाली नारायण (`व्य007`). केशवाखाली आडव्या रेघेला टांगलेली पाच नावं: विठ्ठल (`व्य008`, ज. १८८४), गंगा (`व्य009`, ज. १८८७), साल नसलेला गोविंद (`व्य010`), `[..]शिव` (`व्य011`, ज. १८९६) आणि निळ्या शाईत, तुटक रेघेनं जोडलेला नारायण (`व्य012`). त्याच्या शेजारी बारीक 'द'. कागदाची उभी घडी बायकांच्या नावांखालून येते आणि गंगा व गोविंद यांच्या मधून जाते. बायकांकडून खाली येणाऱ्या उभ्या रेघा नेमक्या त्या घडीत गेल्या आहेत.

घाईतला वाचक पाचही मुलं सावित्रीच्या नावावर टाकतो, कारण तिचं नाव आधी आहे. आपण पायरीपायरीनं जाऊ.

बाप कोण? मुलं कुठल्याही बायकोची असली तरी दोन्ही विवाह केशवाचे. त्यामुळे पहिल्या चौघांचं बापाशी नातं 'स्पष्ट'. आईबद्दलची शंका बापाच्या ओळीला लागू द्यायची नाही.

आडवी रेघ एक की दोन? गंगा आणि गोविंद यांच्या मध्ये ती तुटल्यासारखी दिसते, आणि उजवा तुकडा डाव्यापेक्षा किंचित खाली आहे. घडीवर कागद सरकल्यामुळे तसं दिसत असेल, किंवा मुळातच दोन आयांसाठी दोन वेगळ्या रेघा असतील. कसं ओळखायचं? त्याच घडीवर चौथ्या ओळीत लक्ष्मण हे नाव पसरलं आहे. त्याची शिरोरेषा घडी ओलांडताना तेवढीच खाली सरकली असती तर दोष कागदाचा होता. पण शिरोरेषा सरळ गेली आहे. तिरप्या उजेडातल्या फोटोत डाव्या रेघेचं टोकही घडीच्या अलीकडेच, पेन उचलल्यासारखं निमुळतं होताना दिसतं. म्हणजे रेघा बहुधा दोनच.

कोणती रेघ कुणाची? आता सालं कामाला येतात, पण त्याआधी 'मृ. १८९१' मधला शेवटचा अंक १ आहे की ९ ते बघायला हवं. १८९९ असेल तर १८९६ सालचं मूल सावित्रीचं असू शकतं आणि सगळा तर्क कोसळतो. सुदैवानं याच सालात दोन्ही अंक हजर आहेत: पहिला १, तिसरा ९. चौथा अंक मोठा करून दोघांशेजारी ठेवला, तर तो पहिल्याशी जुळतो. १८९१ पक्कं.

मग `व्य011` सावित्रीचं मूल असूच शकत नाही. तो उजव्या रेघेवर आहे, म्हणून उजवी रेघ बहुधा पार्वतीची. त्याच रेघेवरचा गोविंदही बहुधा पार्वतीचा, जरी त्याच्या जन्माचं साल नाही. डावी रेघ उरली ती सावित्रीची, म्हणून विठ्ठल आणि गंगा बहुधा तिची.

यातलं काहीही 'स्पष्ट' लिहायचं नाही, कारण एकही उभी रेघ आपण डोळ्यांनी पाहिलेली नाही. शिवाय गोविंदाची ओळ सर्वस्वी `व्य011`च्या ओळीवर उभी आहे. म्हणून तक्त्यात 'आधार' हा रकाना हवा. उद्या १८९६ हे साल चुकीचं निघालं तर त्यासोबत काय काय पडतं ते तिथे दिसतं.

```
रेघ,कोण,नातं,कुणाचं,दर्जा,आधार,कारण
र08,व्य008,बाप,व्य004,स्पष्ट,,दोन्ही विवाह केशवाचे
र09,व्य008,आई,व्य005,बहुधा,र15,उभी रेघ घडीत; डावी रेघ उरली
र13,व्य010,आई,व्य006,बहुधा,र15,व्य011 सोबत एकाच रेघेवर
र15,व्य011,आई,व्य006,बहुधा,,जन्म 1896; व्य005 मृ. 1891
र16,व्य012,बाप,व्य004,शंकास्पद,,तुटक रेघ; 'द'; निळी शाई
र17,व्य012,तोच का,व्य007,शंकास्पद,,नाव एकच; पुतण्या दत्तक?
```

निळा नारायण. 'द' म्हणजे दत्तक असावं, आणि भावाचा मुलगा दत्तक घेतला असेल तर हा रामचंद्राखालचा नारायणच असू शकतो. गोष्ट जुळते, म्हणूनच जपायला हवं. खुणांची यादी काढून बघितली तर काळ्या शाईच्या हातानं तुटक रेघ यमुनेच्या सासरचं नाव जोडायला वापरली आहे, दत्तकासाठी नाही. निळ्या शाईचा हात वेगळा आहे, त्याची पद्धत आपल्याला ठाऊक नाही आणि त्याच्या हातचं दुसरं उदाहरण तक्त्यात नाही. दोन क्रमांक तसेच राहतात, 'तोच का' ही ओळ त्यांना जोडते, आणि दर्जा शंकास्पद. ही दुसऱ्या जातीची शंका आहे. नवा फोटो काढून ती मिटणार नाही.

## टप्पा ७: यादीआधी तपासणी

मुळाच्या व्यक्तीशिवाय आणि बाहेरून लग्न होऊन आलेल्यांशिवाय प्रत्येकाची बापाची एक आणि आईची एक ओळ असलीच पाहिजे. आई तक्त्यात लिहिलेलीच नसेल तर 'अज्ञात' अशी ओळ घाला. ओळच नसणं म्हणजे तुम्ही बघायचं विसरलात, आणि 'अज्ञात' म्हणजे बघितलं पण मिळालं नाही. हे दोन वेगळे दिसायला हवेत.

मग सालांची वजाबाकी. आई आणि मूल यांच्यात बारापेक्षा कमी किंवा पन्नासपेक्षा जास्त वर्षं निघाली तर थांबून दोन्ही सालं पुन्हा वाचा. बहुतेक वेळा अंक चुकलेला असतो. कधी कधी मधली एक पिढीच गळलेली असते, विशेषतः आजोबा आणि नातू यांचं नाव एकच असेल तेव्हा. वरच्या उदाहरणातही दोन गोविंद आहेतच.

भावंडं डावीकडून उजवीकडे वयानुसार लिहिलेली असतात, हे गृहीत धरू नका. काही तक्त्यांत आधी सगळे मुलगे आणि मग मुली असतात. ज्या घरात सगळ्यांची सालं दिली आहेत त्या घरावरून लिहिणाऱ्याचा क्रम आधी ओळखा, मगच तो इतरांना लावा.

पडताळा: ज्या ओळी 'स्पष्ट' नाहीत त्या भागांचे फोटो, तुमचं वाचन न दाखवता, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. आधी तुमचा अंदाज सांगितलात की समोरच्यालाही तेच दिसायला लागतं.

## टप्पा ८: आता यादी

इथे वंशक्रमांक येतो. मूळ पुरुष `1`, त्याची मुलं `1.1`, `1.2`, त्यांची मुलं `1.1.1`. यादी रेघांच्या तक्त्यावरूनच लिहा, फोटोकडे परत बघून नको. नाहीतर दोन ठिकाणी दोन गोष्टी होतात.

```
1      गोविंद
1.1    रामचंद्र
1.1.1  नारायण    [1.3.5 हाच का? र17]
1.2    यमुना
1.3    केशव = (1) सावित्री (2) पार्वती
1.3.1  विठ्ठल     [आई: बहुधा सावित्री, र09]
1.3.3  गोविंद     [आई: बहुधा पार्वती, र13]
1.3.5  नारायण    [दत्तक? र16; पाहा 1.1.1]
```

(जागेसाठी काही नावं गाळली आहेत.) शंका असलेलं मूल यादीत पूर्ण नोंदीसह एकाच ठिकाणी लिहा. दुसऱ्या संभाव्य ठिकाणी फक्त 'पाहा'. दोन्हीकडे त्याची मुलंबाळं उतरवली तर कुटुंब कागदावर दुप्पट होतं. उदाहरणात नारायण दोनदा आलाय कारण तो मूळ तक्त्यातच दोनदा आहे. त्याची पुढची पिढी असेल तर ती ज्या नावाखाली काढली असेल तिथेच राहील.

सावधान: वंशक्रमांकाचा रकाना भरण्याआधी 'टेक्स्ट' म्हणून ठरवून ठेवा. नाहीतर दहाव्या मुलाचा `1.10` हा क्रमांक स्प्रेडशीट गुपचूप `1.1` करून टाकते, आणि दहावं मूल पहिल्याच्या जागी जाऊन बसतं.

## टप्पा ९: सॉफ्टवेअरमध्ये भरताना

वंशावळीची बहुतेक सॉफ्टवेअर GEDCOM नावाच्या फाइलमधून माहिती देतात-घेतात. तिच्या 5.5.1 आवृत्तीत मूल आणि कुटुंब यांच्या दुव्याला स्वतःचा दर्जा देता येतो: `proven`, `challenged`, `disproven`. दत्तकासाठी `PEDI adopted` आहे. म्हणजे शंका व्यक्तीवर न लावता रेघेवर लावायची सोय तिथेही आहे.

```
0 @I12@ INDI
1 NAME नारायण
1 FAMC @F4@
2 STAT challenged
2 NOTE र16: तुटक रेघ, 'द', निळी शाई. दत्तक?
```

`PEDI adopted` इथे मुद्दाम घातलेलं नाही. ते घातलं की 'असावं' याचं 'आहे' होतं. `STAT` हा दर्जा सगळी सॉफ्टवेअर दाखवत नाहीत, काही तर फाइल आत घेताना तो गाळून टाकतात. म्हणून तीच गोष्ट `NOTE`मध्ये शब्दांत हवीच. भरून झाल्यावर फाइल बाहेर काढा, साध्या मजकुराच्या संपादकात उघडा आणि `र16` शोधा. सापडला नाही तर ते सॉफ्टवेअर तुमच्या शंका खातंय, आणि मूळ म्हणून स्प्रेडशीटच ठेवलेली बरी.

## टप्पा १०: घरच्यांना विचारताना

'नारायण काकांना दत्तक घेतलं होतं ना?' असं विचारलंत की 'हो, असेल' हेच उत्तर येणार. 'नारायण कुणाच्या घरी वाढले?' असं मोकळं विचारा. उत्तर, सांगणाऱ्याचं नातं आणि तारीख यांची रेघांच्या तक्त्यात नवी ओळ करा. कागदावरून लिहिलेली जुनी ओळ पुसू नका, दर्जाही त्याच ओळीत बदलू नका. कागद एक म्हणतो आणि आजी दुसरं म्हणते, तर दोन्ही ओळी शेजारी शेजारी राहू देत.

आणि यादी सगळ्यांना पाठवण्याआधी हयात माणसांच्या जन्मतारखा व दत्तकासंबंधीच्या ओळी त्या प्रतीतून काढा. एखाद्याला आपण दत्तक आहोत हे तुमच्या यादीतल्या प्रश्नचिन्हावरून कळायला नको.